पंचवीस वर्षांचा पाऊस ग्राहकाला सांगताना

सप्रेम नमस्कार,

गोदामाच्या पावसाळी निचऱ्याचे तुझे बेचाळीस स्लाइडचे सादरीकरण आणि त्यावरून ग्राहकासाठी तयार केलेला अकरा स्लाइडचा मसुदा, दोन्ही मी दोनदा वाचले. मूळ सादरीकरणातील गणित चोख आहे. मसुद्याबद्दल मात्र सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्यात तू स्लाइड कमी केल्या आहेत, शब्द सोपे केले आहेत, पण क्रम अभियंत्याचाच ठेवला आहे: आधी पावसाच्या नोंदी, मग पाणलोट क्षेत्र, मग प्रवाह, मग नाल्याचे माप आणि शेवटी दोन पर्याय. आपण उत्तरापर्यंत ज्या वाटेने पोहोचलो, त्याच वाटेने ग्राहकानेही चालावे, अशी ही अपेक्षा झाली. त्याला तर येत्या बैठकीत एकच ठरवायचे आहे. नाला पंचवीस वर्षांच्या पावसासाठी बांधायचा की जास्त खर्च करून शंभर वर्षांच्या? तो प्रश्न आणि आपली शिफारस पहिल्याच स्लाइडवर यायला हवी. त्यानंतर प्रत्येक स्लाइडसमोर, ती काढली तर त्याचा निर्णय बदलेल का, एवढेच स्वतःला विचार. उत्तर नाही असेल, तर ती स्लाइड परिशिष्टात जाते.

या कसोटीवर तुझी चौथी स्लाइड पाहा. चार हेक्टर आवार, ०.९ हा अपवाह गुणांक आणि ताशी १२० मिलिमीटर पाऊस, यांवरून प्रवाह सेकंदाला १.२ घनमीटर येतो. ग्राहकाला घनमीटर कळणार नाहीत म्हणून तू तिथे ‘सेकंदाला १२०० लिटर’ असे लिहिलेस. एकक ओळखीचे झाले, हे खरे. परंतु १२०० लिटर ऐकून त्याने घाबरायचे की निर्धास्त व्हायचे, हे त्याला अजूनही समजणार नाही. पाण्याच्या पातळीचेही तसेच. तुझ्या आलेखात ती समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. तिच्याऐवजी दाराचा उंबरा, त्यामागे रॅकचा सर्वांत खालचा खण आणि त्यावरचे खोके असे साधे रेखाचित्र काढ. शंभर वर्षांच्या पावसात लहान नाल्याच्या पर्यायात पाणी गोदामाच्या फरशीवर २० सेंटिमीटर चढते आणि खालचा खण फरशीपासून १५ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे खालच्या ओळीतील माल पाच सेंटिमीटर पाण्यात बुडतो. हे चित्र पाहिल्यावर तो माणूस आपल्या मालाचा हिशेब आपणच करू लागेल, आणि तो हिशेब आपल्यापेक्षा त्याला अधिक चांगला जमतो.

आता मसुद्यातील सर्वांत नाजूक जागेकडे येतो. ‘रिटर्न पिरियड’ हा शब्द काढून तू ‘पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ असे लिहिले आहेस. मीही अनेक वर्षे हेच लिहीत असे. एका ग्राहकाने ते वाक्य ऐकून नाला बांधून घेतला आणि तिसऱ्याच वर्षी त्याच्या आवारात पाणी साचले. तो रागावला नाही, ‘आता निदान पुढची बावीस वर्षे तरी काळजी नाही ना?’ असे त्याने मनापासून विचारले. त्याच्या समजुतीत काहीच चूक नव्हती, माझ्या वाक्याचा सरळ अर्थ तोच होता. खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता चार टक्के असते, आणि यंदा तो येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

वर्षाला चार टक्के हेही ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून गोदामाच्या वापराचा पूर्ण काळ धरून सांग. पंचवीस वर्षांत असा पाऊस एकदाही न येण्याची शक्यता ०.९६ चा पंचविसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के आहे. म्हणजेच निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के. शंभर वर्षांच्या पावसासाठी हाच आकडा सुमारे २२ टक्के येतो. टक्क्यांपेक्षा मोजणीची भाषा मनात लवकर ठसते: अशी दहा गोदामे पंचवीस वर्षे पाहिली, तर साधारण सहा ठिकाणी लहान नाला निदान एकदा अपुरा पडेल आणि साधारण दोन ठिकाणी खालच्या ओळीतील माल भिजेल. दोन्ही वाक्यांत ‘दहा’ हीच संख्या ठेव. एकदा दहांपैकी आणि एकदा पाचांपैकी असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला तुलना करता येत नाही.

इथे तुझ्या मसुद्यात एक चूक शिरली आहे, आणि ती सोपे करण्याच्या ओघातच शिरली आहे. ‘गोदामात पाणी शिरण्याची शक्यता ६४ टक्के’ असे तू लिहिलेस. ६४ टक्के ही नाल्याची क्षमता ओलांडली जाण्याची शक्यता आहे. ती ओलांडल्यावर पाणी आधी आवारात पसरते आणि उंबरा त्याहून वर आहे. मूळ सादरीकरणात या दोन गोष्टी वेगवेगळ्या स्लाइडवर होत्या, तू त्या एका वाक्यात आणल्यास आणि मधला उंबरा गळला. म्हणून मसुदा झाल्यावर त्यातील प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून, हा मूळ स्लाइडवर नेमक्या कोणत्या गोष्टीचा आकडा होता, ते ताडून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण मी ते आजही स्वतः करतो.

अटींच्या बाबतीतही असेच होते. मूळ सादरीकरणात तळटिपेत लिहिले होते की नाल्यावरील जाळ्या स्वच्छ आहेत आणि नाला जिथे मोठ्या ओढ्याला मिळतो तिथे ओढ्याची पातळी कमी आहे, असे धरले आहे. मसुद्यात ती टीप नाही, आणि शिफारशीत ‘सुरक्षित’ हा शब्द मात्र आला आहे. जाळ्या पालापाचोळ्याने बुजल्या, किंवा ओढाच तुडुंब भरून पाणी मागे रेटू लागला, तर मोठा नालाही उपयोगी पडणार नाही. जाळ्या साफ करणे ग्राहकाच्या माणसांकडे असणार, त्यामुळे ही अट त्याला कळलीच पाहिजे. ‘सुरक्षित’ काढून असे लिही: ‘पावसाळ्याआधी व प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाळ्या साफ केल्या आणि ओढा भरलेला नसेल, तर शंभर वर्षांच्या पावसातही पाणी उंबऱ्याखाली राहील.’ वाक्य लांबले तरी चालेल. पर्जन्याच्या नोंदी मर्यादित वर्षांच्या आहेत आणि पुढचा पाऊस मागच्यासारखाच राहील असे आपण धरले आहे, म्हणून आकड्यांआधी ‘सुमारे’ हा शब्दही राहू दे.

बैठकीपूर्वी हिशेब विभागातील एखाद्या सहकाऱ्याला हे दहा मिनिटांत सांग आणि ‘समजले का?’ असे न विचारता, ‘दोन पर्यायांत फरक काय आहे, ते मला तुमच्या शब्दांत सांगा,’ अशी विनंती कर. त्याच्या उत्तरात ‘पंचवीस वर्षे काळजी नाही’ असे काही आले, तर ती स्लाइड पुन्हा लिहावी लागेल. परिशिष्टातील गणित हाताशी ठेव. ग्राहकाचा एखादा सल्लागार सोबत आला, तर तो नेमके तेच मागेल.

सुधारलेला मसुदा आणि उंबऱ्याचे रेखाचित्र पाठव. चित्रातील २० आणि १५ सेंटिमीटर कोणत्या मोजणीतून घेतले, तेही सोबत लिही, म्हणजे मला ते पडताळता येतील.

तुझा,
जुना सहकारी