‘आपण’ असताना ‘ती’ कशाला?

प्रश्न: कथेत सगळे संवाद अवतरणात दिले की कंटाळवाणं होतं, म्हणून काही निवेदनात घ्यायचे आहेत. ‘ती म्हणाली, “मी उद्या येईन”’ याचं ‘ती म्हणाली की ती दुसऱ्या दिवशी येणार होती’ असं करायचं का? सर्वनाम, काळ आणि बोलण्याचा सूर तिन्ही कसे सांभाळायचे?

असं अजिबात करू नका. तुमच्या वाक्यात शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाच्या तासाला शिकलेला नियम मराठीवर लादला आहे. इंग्रजीत सांगणारं क्रियापद भूतकाळी असलं की आतलंही मागे ढकलतात. मराठी असं करत नाही. मराठीत आतलं क्रियापद ज्या काळात बोललं गेलं, त्याच काळात राहतं. ‘आई आजारी आहे असं तिने सांगितलं’ म्हणजे सांगताना आई आजारी होती. ‘आई आजारी होती असं तिने सांगितलं’ म्हणजे आधी कधीतरी होती, आता बरी आहे. हे दोन वेगळे निरोप आहेत. आणि ‘येणार होती’मध्ये तर आणखी एक खोच आहे. ‘ती येणार होती’ एवढं ऐकलं की मराठी कान पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. येणार होती, पण आली नाही. तुमच्या कथेत ती दुसऱ्या दिवशी खरोखर येणार असेल, तर तुम्ही वाचकाला उगाच चुकीच्या वाटेला लावताय.

हे इतक्या तावातावाने लिहिते आहे, कारण माझ्या एका कथेची याच नियमाने वाट लागली होती. एका दिवाळी अंकाला कथा दिली होती, दोन जावांची. धाकटी सुमन थोरलीला ‘ताई’ म्हणते, ‘अहो-जाहो’ करते. प्रसंग असा की सुमनच्या आईला बरं नाही आणि तिला मुलाला जावेकडे ठेवून माहेरी जायचं आहे. संवाद लिहिला असता तर असा झाला असता: “ताई, माझ्या आईला बरं नाही. मी उद्या माहेरी जाणार आहे. तुम्ही दोन दिवस बाळूला सांभाळाल का?” पण तिथे मला संवाद नको होता, कारण त्याच पानावर पुढे दोघींचं मोठं भांडण होतं आणि तिथपर्यंत त्यांचे आवाज राखून ठेवायचे होते. म्हणून मी लिहिलं:

‘आपल्या आईला बरं नाही, आपण दुसऱ्या दिवशी माहेरी जाणार आहोत, तर त्यांनी दोन दिवस बाळूला सांभाळावं, अशी सुमनने जावेला गळ घातली.’

अंक हातात आला तेव्हा तिथे हे छापलेलं होतं:

‘सुमन जावेला म्हणाली की तिच्या आईला बरं नव्हतं आणि ती दुसऱ्या दिवशी माहेरी जाणार होती, त्यामुळे तिने दोन दिवस तिच्या मुलाला सांभाळावं.’

आता वाचा. आई कोणाची? सुमनची की जावेची? माहेरी कोण जाणार? ‘तिच्या मुलाला’ म्हणजे कोणाच्या? आणि ‘बरं नव्हतं’ म्हटल्यावर आई एव्हाना बरी झाली, मग ही निघालीय कशाला? एका वाचकाने अंकाकडे पत्र पाठवून नेमकं हेच विचारलं. पुढचं भांडण त्या आजारपणावरूनच पेटतं, त्यामुळे त्यांना सुमन खोटारडी वाटली होती. मी सुमनला खोटारडी लिहिलंच नव्हतं.

संपादकांना फोन केला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की सुमन एकटी आहे, मग ‘जाणार आहोत’ हे अनेकवचन कसं चालेल? शिवाय ‘आपण’ म्हणजे मी आणि तू, म्हणजे दोघी जावा माहेरी निघाल्या असा अर्थ होतो. मला या दोन्ही आक्षेपांचं आजही नवल वाटतं, कारण त्यांच्या टेबलावर रोज पडणाऱ्या वर्तमानपत्रात हीच रचना असते. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले’, ‘आपण निर्दोष आहोत, असा दावा त्यांनी केला’. तिथे पुढारी एकटाच असतो, तरी दुसऱ्या वाक्यात क्रियापद ‘आहोत’च आहे. कोणाही वाचकाला वाटत नाही की पुढारी आणि वार्ताहर दोघे मिळून निर्दोष आहेत.

म्हणजे तुमच्या सर्वनामाच्या प्रश्नाचं उत्तर ‘आपण’ हे आहे. बोलणाऱ्याचं किंवा मनात म्हणणाऱ्याचं ‘मी’ निवेदनात ‘आपण’ होतं, ‘माझं’चं ‘आपलं’ होतं. क्रियापद ‘आहोत, आलो, जाऊ’ असं चालतं आणि विशेषणात लिंग दिसतं: ‘आपण एकट्या आहोत असं तिला वाटलं’, ‘आपण एकटे आहोत असं त्याला वाटलं’. याचा सगळ्यात मोठा फायदा असा की ‘ती’ आणि ‘त्या’ मोकळ्या राहतात. माझ्या वाक्यात ‘आपण’ म्हणजे सुमन हे ठरल्यावर ‘त्यांनी’ म्हणजे थोरली जाऊ, यात शंकेला जागाच उरली नाही. ही सोय भाषेने आयती दिलेली असताना एका वाक्यात चार ‘ती’ कोंबायच्या आणि मग गोंधळ नको म्हणून कंसात नावं घालायची, हे मला पटत नाही.

‘त्यांनी’बद्दलही संपादकांचा आक्षेप होता. निवेदक म्हणून मी कथाभर थोरल्या जावेला ‘ती’ म्हणते, मग इथेच ‘त्यांनी’ का? कारण इथे मी सुमनचं बोलणं सांगते आहे आणि सुमन तिला मान देते. ‘तुम्ही सांभाळाल का’ यातलं ‘तुम्ही’ निवेदनात उरायचं असेल तर ते ‘त्यांनी’मध्येच उरेल. पुढच्या भांडणात सुमन पहिल्यांदा ‘तू’वर येते. आधीचा मान वाचकाच्या कानावर पडलाच नसेल, तर त्या ‘तू’चा धक्का कुठून बसणार?

सुराबद्दल. ‘सांभाळाल का?’ हा प्रश्न आहे, पण खरं तर ती विनंती आहे. निवेदनात त्याचं ‘सांभाळावं’ झालं की विनंती, सूचना, हुकूम सगळं एकसारखं दिसायला लागतं. ‘त्याने जावं’ यावरून सांगणारा हात जोडतोय की बोट दाखवतोय, ते कळत नाही. म्हणून हा भार शेवटच्या क्रियापदावर टाकायचा: गळ घातली, विनवलं, सुचवलं, बजावलं, ठणकावलं. छापलेल्या वाक्यात ‘गळ घातली’ जाऊन नुसतं ‘म्हणाली’ आलं आणि सुमनची सगळी अजिजी संपली. नकारातही हेच. ‘जाऊ नकोस’चं ‘जाऊ नये असं सांगितलं’ केलं तर सरकारी पाटी वाचल्यासारखं वाटतं. ‘जाऊ नकोस म्हणून बजावलं’ ठेवा, आवाज राहतो.

आता तुमच्या वाक्याकडे येते. ‘मी उद्या येईन’ला बोलण्यातली मराठी आणखी एक वाट देते आणि मला ती सगळ्यात आवडते: ‘उद्या येईन म्हणाली.’ सर्वनाम नाही, ‘की’ नाही. ‘येईन’मधल्या ‘न’वरून बोलणारी स्वतःबद्दल बोलते आहे हे कळतं आणि ‘उद्या’ तिच्याच तोंडचं राहतं. निवेदन थोडं लांबून चाललं असेल तर ‘आपण दुसऱ्या दिवशी येऊ, असं ती म्हणाली’. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन्हींची सरमिसळ करू नका. क्रियापद तिच्या तोंडचं ठेवलंत तर ‘उद्या’ही तिचंच ठेवा. ‘दुसऱ्या दिवशी येईन म्हणाली’ यात अर्धं वाक्य तिचं आणि अर्धं तुमचं होतं.

‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ हेही शुद्ध मराठीच आहे, ‘की’नंतर ‘मी’ चालतो. मात्र तुमची कथा प्रथमपुरुषी असेल तर हा ‘मी’ घात करतो. ‘तो म्हणाला की मी चुकलो.’ कोण चुकलं? तो, की गोष्ट सांगणारा? ‘माझं चुकलं असं तो म्हणाला’ केल्यानेही सुटत नाही. तिथे ‘आपण चुकलो हे त्याने कबूल केलं’ किंवा ‘तू चुकलास असं त्याने मला सुनावलं’, यातलं जे खरं असेल ते लिहावं लागतं.

आणि काही बोलणी निवेदनात न्यायचीच नाहीत. निघताना म्हटलेलं ‘येते मी’ घ्या. ‘आपण येतो असं ती म्हणाली’ केलं तर निघालेली बाई परत यायला लागते. ‘येते म्हणून ती उठली’ एवढंच. ‘येईन की!’ यातला ‘की’सुद्धा तसाच, तो हलवता येत नाही. फार तर ‘येणारच, त्यात विचारायचं काय, असं म्हणाली’ अशी मांडणी नव्याने करायची. ‘अगं’, ‘हं’, ‘बाई’ गळणारच. त्यांच्यावाचून वाक्य मरत असेल तर सरळ अवतरण द्या.

‘आपण’लाही मर्यादा आहेत. मूळ बोलण्यातच ‘आपण दोघी जाऊ’ असेल तर निवेदनातल्या ‘आपण’शी त्याची टक्कर होते. मग ‘दोघींनी मिळून जावं असं तिने सुचवलं’ करा. सांगण्यात सांगणं असेल, म्हणजे विमल सांगते की सुमनला वाटतं की आपण..., तर हा ‘आपण’ विमलचा की सुमनचा ते कळत नाही. तिथे वाक्य तोडा आणि नाव घाला. गावाकडच्या माणसाच्या तोंडून गोष्ट सांगत असाल तर ‘आपण जाणार आहोत असं’ पुस्तकी वाटेल, तिथे ‘जातो म्हणाला’च शोभेल. सभेचं इतिवृत्त किंवा पोलिसांपुढचा जबाब लिहायचा असेल तर तिथे दर वेळी नाव लिहिणंच बरं, तिथली गरज वेगळी आहे.

पण कथेत मी मागे हटणार नाही. तुमचं लिखाण छापायला जाईल तेव्हा मुद्रितं स्वतः मागून घ्या आणि आधी ‘आहोत’ शोधा. त्याचं ‘होती’ झालेलं दिसलं तर समासात मूळ वाक्य लिहून परत पाठवा, आणि शेजारी ‘आपण निर्दोष आहोत’वालं वर्तमानपत्रातलं एखादं वाक्यही लिहा. माझी ती कथा पुढे संग्रहात घेतली तेव्हा मी तेच केलं आणि वाक्य जसंच्या तसं छापून आलं.