रुब्रिकचे मार्क ग्रेडमध्ये कसे बदलायचे?

"नववीच्या सायन्स प्रोजेक्टला 4 निकष, प्रत्येकी 4 मार्क. 16 पैकी टक्के काढून ग्रेड दिली तर चालेल का? शाळा ठाण्यात आहे."

नाही, टक्के काढू नका, कुठल्या लेव्हल्स मिळाल्या की कुठली ग्रेड हे आधी शब्दांत ठरवा आणि सगळ्यात महत्त्वाच्या निकषाला किमान लेव्हल ठेवा. कारण 1 ते 4 या पायऱ्या आहेत, 3 म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे', पण टक्के काढले की तेच 75 होतं आणि काहीच न जमलेल्यालाही फुकट 25 मिळतात. मी नवी मुंबईत हेच प्रोजेक्ट तपासते. समजा विषय मासुंदा तलावाचं पाणी. एकाला मांडणी, नोंदी, सादरीकरण तिन्हीत 4 पण निष्कर्षाला 1, कारण निष्कर्ष त्याच्या रीडिंग्जमधून निघतच नाही, बेरीज 13. दुसरीला सगळीकडे 3, बेरीज 12. म्हणजे ज्याला प्रयोगाचा अर्थच लागला नाही तो पुढे, हे बरोबर नाही ना!

मी असं ठेवते:
- A: निष्कर्ष किमान 3, कुठेही 3 च्या खाली नाही, निदान दोन 4
- B: निष्कर्ष किमान 3, बाकीच्यात फार तर एक 2
- C: निष्कर्ष 2, किंवा वरच्यात न बसणारे
- निष्कर्ष 1: बाकी काहीही असो, ग्रेड थांबवून तेवढाच भाग परत लिहून घ्यायचा

फक्त ही अट एकाच निकषाला लावा आणि प्रोजेक्ट देतानाच मुलांना सांगा, आणि निष्कर्ष 2 की 3 अशी शंका असेल तर दुसऱ्या टीचरकडून वाचून घ्या, कारण आता त्या एका आकड्यावर अख्खी ग्रेड ठरते.