मेहुण्याच्या पतपेढीच्या कर्जाला जामीन राहू का?

"मेहुणा म्हणतोय फक्त सही हवी, हप्ते मीच भरणार. माझ्यावर नक्की काय येतं?"

सगळंच येतं. करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, म्हणजे 5 लाखांतले 3 थकले तर ते, वर व्याज आणि वसुलीखर्चसुद्धा. आधी त्याच्या मागे लागा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, उलट तुम्ही पगारदार असाल तर पतपेढी आधी तुम्हालाच गाठू शकते, महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 च्या कलम 101 चा वसुली दाखला काढला की पगारावर जप्ती येऊ शकते. भरलेले पैसे मेहुण्याकडून वसूल करायचा हक्क आहे, पण त्यासाठी कोर्टात तुम्हीच जायचं (आणि घरातलं वातावरण वेगळंच). एकदा कर्ज उचललं की मनात आलं म्हणून नाव काढता येत नाही, संस्थेने दुसरा जामीनदार मान्य केला तरच सुटका.