कायदेविषयक सल्ला : मुलाखतीचे ३८ गुण यादीत ३३ कसे झाले?

*प्रश्न : मी शहाद्याची. जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात ११ महिन्यांच्या कंत्राटी पदासाठी मुलाखत दिली. उमेदवार जास्त म्हणून दोन समित्या होत्या. मला ५० पैकी ३८ मिळाले, पण निवड यादीत नॉर्मलायझेशन करून ३३ लावले. दुसऱ्या समितीकडच्या एका उमेदवाराचे ३१ चे ३६.७५ झाले आणि शेवटची जागा त्याला गेली. लेखी परीक्षेत मी त्याच्या २ गुणांनी पुढे होते. मिळालेले गुण असे कापता येतात का? यादी लागून दोन महिने झाले. साहेब दर वेळी ‘बघू’ म्हणतात.*

ताई, गुण कापता येतात. दोन समित्या असल्या आणि एक हात आखडून, दुसरी सढळ हाताने गुण देत असली, तर ते एका पातळीवर आणणं बेकायदा नाही. ‘माझे गुण कापले’ एवढ्याच मुद्द्यावर कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला परत याल. भरतीनंतर धुळे, जळगाव, नंदुरबारकडून अशी पत्रं येतात आणि बहुतेकांचा जोर याच चुकीच्या जागी असतो. तुमचं प्रकरण एका तारखेवर उभं आहे : गुण कसे बदलायचे, हे समितीने कधी ठरवलं? मुलाखती सुरू होण्याआधी, की सगळ्यांचे गुण हातात आल्यावर?

तारखेला एवढं महत्त्व का, ते तुम्ही पाठवलेल्या यादीच्याच आकड्यांवरून कळतं. खालच्या टीपेनुसार तुमच्या समितीची सरासरी ३२ आणि प्रमाण विचलन ६ आहे. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत त्याचं माप. दुसऱ्या समितीची सरासरी २४, विचलन ४. दोघांसाठी मिळून सरासरी २८ आणि विचलन ५ धरलं आहे. तुमचे ३८ म्हणजे तुमच्या सरासरीच्या वर ६, बरोबर एक विचलन. म्हणून २८ अधिक ५, झाले ३३. त्याचे ३१ म्हणजे सरासरीच्या वर ७, म्हणजे पावणेदोन विचलनं. २८ अधिक ८.७५, झाले ३६.७५. हिशेबात चूक नाही.

पण समान पातळी आणायची ही एकच रीत नव्हती. नुसती सरासरी सारखी केली असती, म्हणजे तुमच्या समितीचे ४ गुण कमी आणि त्या समितीचे ४ वाढवले असते, तर तुमचे ३४ आणि त्याचे ३५ झाले असते. लेखीतले २ गुण धरले की तुम्ही १ गुणाने पुढे. विचलनही सारखं केल्यावर मात्र तो पावणेदोन गुणांनी पुढे जातो. दोन्ही रीती हिशेबाला मान्य आहेत, तरी जागा कोणाला मिळणार ते रीतीवर ठरतं. गुण आणि नावं समोर ठेवून रीत निवडली असेल, तर निवड रीतीची झाली की माणसाची, हे कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या मते तुमचा खरा मुद्दा हाच.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेज प्रकाश पाठक प्रकरणात सांगितलं की भरती सुरू झाल्यावर नियम किंवा जाहिरातीत मुभा नसेल तर निकष मध्येच बदलता येत नाहीत. आणि एखाद्या टप्प्यासाठी मापदंड ठरवायचा तर तो टप्पा सुरू होण्याआधी ठरवावा, म्हणजे उमेदवार गाफील सापडणार नाही. म्हणून जाहिरात काढून वाचा. ‘समित्यांच्या गुणांत तफावत आढळल्यास समानीकरण करण्यात येईल’ अशा अर्थाचं कलम त्यात असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. तुम्ही लिहिता की जाहिरात जपून ठेवली नाही. नोकरीचा अर्ज भरताना जाहिरातीची प्रत ठेवायची नाही, आणि भांडण लागलं की वकिलाला विचारायचं, याने वकीलही हतबल होतो. कार्यालयाकडे किंवा सोबत अर्ज केलेल्या मैत्रिणींकडे ती मिळेल, आजच मागा.

समोरचा वकील म्हणेल, तुम्ही मुलाखत दिली, निवड झाली नाही म्हणून आता तक्रार करता. मदन लाल निकालापासून (१९९५) हा बचाव नेहमीचा आहे. त्याचं उत्तरही तारखेतच आहे. कलम आधीच जाहीर होतं तर बचाव टिकतो. मुलाखतीनंतर ठरलेल्या गोष्टीला मुलाखतीआधी हरकत घेणं शक्यच नव्हतं.

दुसरा एक मुद्दा आहे, पण त्यावर सगळा भार टाकू नका. सरासरीतला फरक समितीच्या कडकपणामुळेच आला, हे गृहीत धरलं की हा हिशेब चालतो. उमेदवार चिठ्ठ्या टाकून वाटले असतील तर ते गृहीतक ठीक. लेखीच्या गुणानुक्रमाने वाटले आणि वरचे सगळे तुमच्या समितीकडे आले असतील, तर तुमची सरासरी जास्त असण्याचं कारण उमेदवारच चांगले होते असंही असू शकतं. दोन्ही गटांची लेखीची सरासरी काढा. ती जवळपास सारखी निघाली तर हा मुद्दा सोडा. तुमच्या गटाची ठळकपणे जास्त निघाली तर याचिकेत घ्या. संजय सिंग प्रकरणात (२००७) एकाच विषयाच्या परीक्षकांमधला फरक अशा सूत्राने मिटवायला न्यायालयाने नापसंती दाखवली होती. पण ते लेखी पेपरचं प्रकरण होतं. पेपर पुन्हा तपासता येतात, मुलाखत पुन्हा तपासता येत नाही, त्यामुळे तो निकाल इथे किती लागू होईल याची खात्री मी देणार नाही.

आता वेळेचं. दोन महिने तुम्ही तोंडी विचारत बसलात, त्याचा कागदावर काही पुरावा नाही. उद्या लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांक घेऊन प्रतीवर शिक्का घ्या. त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका : गुण समान करण्याचा निर्णय झालेल्या बैठकीचं तारखेसह इतिवृत्त, उमेदवार समित्यांत वाटल्याची यादी, सर्वांचे लेखी आणि मुलाखतीचे मूळ गुण. सार्वजनिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे, तो अर्जात नमूद करा. समिती सदस्यांची नावं मागू नका. ती नाकारता येतात आणि त्या वादात बाकीची माहितीही अडकते.

उत्तराला ३० दिवस लागतील, पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. केरळच्या जिल्हा न्यायाधीश भरतीत मुलाखती झाल्यावर किमान गुणांची अट लावली होती. शिवानंदन प्रकरणात घटनापीठाने २०२३ मध्ये ती मनमानी ठरवली, तरी निवड झालेले सहा वर्षांहून जास्त काळ काम करत होते म्हणून उमेदवारांना जागा दिल्या नाहीत. न्यायालयाने चूक मान्य करायला एवढा काळ घेतला, याचा मला राग आहे. तुमची मुदत तर ११ महिन्यांचीच. औरंगाबाद खंडपीठात याचिका नुसती दाखल होऊन पडली, तर सुनावणी होईपर्यंत करार संपलेला असेल. म्हणून याचिकेत पहिली मागणी अंतरिम ठेवा : अंतिम निकालापर्यंत एक जागा रिकामी ठेवावी, आणि त्या उमेदवाराला आदेश दिला गेला असेल तर त्याची नेमणूक निकालाच्या अधीन राहावी. त्याला प्रतिवादी करायला विसरू नका. ज्याची जागा जाऊ शकते त्याला न ऐकता न्यायालय काहीच करणार नाही.

इतिवृत्ताची तारीख पहिल्या मुलाखतीच्या आधीची आणि सूत्र त्यात लिहिलेलं निघालं, तर याचिका करू नका. केली असेल तर मागे घ्या. तारीख शेवटच्या मुलाखतीनंतरची निघाली किंवा इतिवृत्तच नाही असं उत्तर आलं, तर त्याच आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जा.