फेसबुकच्या सजेशनमध्ये जुना मित्र दिसतोय

प्रश्न: मी म्हापशाची. ब्रेकअपला दोन वर्षं झाली, त्याचा नंबरही डिलीट केला. तरी फेसबुक त्याला रोज People You May Know मध्ये दाखवतं. तो माझं प्रोफाइल बघतो का? काय करू?

उत्तर: तो दिसतो म्हणजे तो बघतोय असं नाही, आधी Remove करा, पुन्हा आला तर सरळ ब्लॉक करा. फेसबुकच्या मदत पानावर या सूचनांची कारणं दिली आहेत: समान मित्र, एकाच ग्रुपमध्ये असणं, एकाच फोटोत टॅग होणं आणि अपलोड केलेले फोन नंबर. गोव्यात तर कॉलेजचे, वाड्यावरचे, जत्रेच्या फोटोतले समान मित्र ढीगभर निघतात. नंबर तुम्ही काढलात, पण त्याच्या फोनमध्ये तुमचा असेल आणि त्याने संपर्क अपलोड केले असतील तर धागा तिथूनही जुळतो. म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तुमच्या बाजूने मात्र Accounts Center मध्ये जाऊन पूर्वी अपलोड झालेले संपर्क पुसा आणि अपलोड बंद करा.

ब्लॉक केल्याची सूचना त्याला जात नाही, आणि तो सजेशनमध्ये दिसायचाही थांबतो. फक्त कुतूहलापोटी अनब्लॉक करू नका, कारण पुन्हा ब्लॉक करायला 48 तास थांबावं लागतं. तो धमक्या किंवा त्रासदायक मेसेज पाठवत असेल तर ब्लॉक करण्याआधी तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तक्रार करताना तेच लागतात.