अडकलेल्या प्रोजेक्टची तपासणी आणि नव्याने केलेला प्लॅन

प्रश्न: चार महिने लेट झालेला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मला सांभाळायला दिलाय. दर आठवड्याला ‘८५ टक्के झालं’ असाच रिपोर्ट येतो. हेल्थ चेक म्हणजे नेमकं काय तपासायचं, आणि रिकव्हरी प्लॅनमध्ये स्कोप, तारखा, जबाबदाऱ्या कशा लिहायच्या?

उत्तर: एका दूध संघाचा प्रोजेक्ट माझ्याकडे असाच मध्यावर आला होता, तोच सांगतो. १२० गावांची संकलन केंद्रं होती. केंद्रावर दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, बघून दर लावायचा, दर दहा दिवसांनी बिल काढायचं, त्यातून पेंड आणि उचल कापायची आणि उरलेली रक्कम उत्पादकाच्या खात्यावर टाकायची. हे सगळं जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर न्यायचं होतं. ठरलेली तारीख १ एप्रिल. मी गेलो तेव्हा ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, आणि रिपोर्टात ८५ टक्केच लिहिलेलं होतं. १५ सप्टेंबरला सुरू करू, असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

पहिले तीन दिवस मी एकही मीटिंग घेतली नाही. कामांची यादी मागवली, तिच्यात ६४ कामं होती. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: संघाच्या माणसाने खऱ्या डेटावर हे चालवून ‘बरोबर आहे’ म्हटलंय का? २३ कामांना ‘हो’ आलं. ३१ कामांचं कोडिंग झालं होतं, पण संघाकडून कुणी पास केलेलं नव्हतं. १० कामांना हातच लागला नव्हता. २३ आणि ३१ मिळून ५४, म्हणजे ६४ पैकी ८४ टक्के. रिपोर्टातले ८५ टक्के इथून येत होते. टीम खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी कोडिंग झालं की काम झालं. बिल काढणाऱ्याच्या लेखी मात्र काम ३६ टक्केच झालं होतं.

मग वेग बघितला. मागच्या सहा आठवड्यांत ९ कामं पास झाली होती, म्हणजे आठवड्याला दीड. उरली ४१. त्या वेगाने २७ आठवडे लागले असते, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. सगळी कामं सारख्या आकाराची नसतात, हे मान्य. म्हणून त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन आठवड्यांचा वेग घेऊनही बघितलं: आठवड्याला दोन, तरी जानेवारी उजाडतोच. १५ सप्टेंबर कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. हा आकडा मी व्यवस्थापकीय संचालकांना त्याच दिवशी सांगितला. तुम्हीही आकडा हातात आला की दाबून ठेवू नका. पुढचं सगळं संभाषण त्याच्यावरच उभं राहतं.

आकड्यांवरून काम किती मागे आहे ते कळतं. का मागे आहे ते माणसांकडूनच कळतं. संघ आणि व्हेंडर, दोन्ही बाजूंच्या १४ जणांशी मी वेगवेगळं, अर्धा-अर्धा तास बोललो. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारले: तुम्ही कशासाठी थांबलाय, किती दिवसांपासून, आणि ते कोण ठरवणार? नऊ जणांनी दरपत्रकाचं नाव घेतलं. कोण ठरवणार याला मात्र उत्तर येईना. लेखा विभाग संकलन विभागाकडे बोट दाखवायचा, संकलन विभाग लेख्याकडे, आणि व्हेंडरने तोवर अंदाजाने तीनदा बदल करून टाकले होते.

नेमकं काय अडलंय ते संघाच्या जुन्या हिशेबनिसांनी मला वहीत दाखवलं. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. काही केंद्रांवरचं मशीन फॅट दोन दशांशांत देतं, समजा ३.४७. जुनं सॉफ्टवेअर पुढचा आकडा सोडून ३.४ धरायचं आणि एका पॉइंटची कपात लावायचं, त्या वेळी लिटरला ३० पैसे. नवं सॉफ्टवेअर ३.५ धरायचं, मग कपात नाही. रोज ४० लिटर घालणाऱ्याचं फॅट दहाही दिवस असंच काठावर आलं, तर ४०० लिटरमागे १२० रुपयांचा फरक. दोन बिलं शेजारी ठेवली की जुळायची नाहीत, आणि न जुळणाऱ्या बिलावर संघाचा कुठलाच माणूस सही करणार नाही. पास न झालेल्या ३१ पैकी १७ कामं या एका न ठरलेल्या गोष्टीमागे उभी होती. प्रोग्रॅमर रोज काम करत होते, पण प्रोजेक्ट जागेवरच होता.

तुमच्याकडे दूध नसेल, पण असा एखादा न झालेला निर्णय बहुतेक असणारच. ‘टेस्टिंगला वेळ लागतोय’ असं कुणी म्हणालं, की टेस्ट करणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा. तो कुठे थांबतो आणि कुणाला फोन लावतो ते बघा.

तपासणीला आठ दिवस लागले. नव्या प्लॅनमधली पहिली ओळ कुठल्या कामाची नव्हती, त्या निर्णयाची होती. एसएनएफचीही अशीच अडचण होती. दोन्हींसाठी तीन दिवसांत व्यवस्थापकीय संचालकांसमोर बसून एक पान लिहिलं: आकडा धरण्याची जुनीच पद्धत चालू राहील, बदलायची असेल तर संचालक मंडळ ठरवेल, तोवर सॉफ्टवेअर वाट बघणार नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा नियम बदलणं हा संघाचा अधिकार आहे. तो व्हेंडरच्या कोडमधून नकळत बदलता कामा नये, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

स्कोपसाठी उरलेल्या ४१ कामांना एकच कसोटी लावली: हे नसेल तर दहा दिवसांचं बिल अडेल का? १८ कामांना ‘हो’ आलं. १४ दुसऱ्या टप्प्यात गेली, ९ रद्द झाली. इथे घाई करू नका, काही कामं मधोमध चिरावी लागतात. पशुखाद्याचं मॉड्यूल सगळ्यांनी पुढे ढकललं होतं. पण पेंडीची कपात बिलातूनच होते, ती नसेल तर बिलच चुकतं. म्हणून कपात आत घेतली आणि गोदामातला साठा बाहेर ठेवला. उत्पादकांना दिवाळीला वर्षभराच्या दुधावर मिळणारा दरफरक उलट दिसायला तातडीचा होता. पण त्याला वर्षभराचा डेटा लागतो आणि तो जुन्या सॉफ्टवेअरमध्येच होता. त्या वर्षीचा दरफरक तिथूनच काढायचं ठरलं. दुसऱ्या टप्प्याच्या यादीवरही सही घ्या. नाहीतर त्यातली कामं एकेक करून मागच्या दाराने परत येतात.

तारखेवरून सगळ्यात जास्त ताण झाला. मी लगेच तारीख दिली नाही. निर्णय सुटल्यावर वेग किती वाढेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अंदाजाने दिलेली एक तारीख आधीच चुकलेली होती. तारीख सप्टेंबरच्या मध्याला सांगेन, तोवर तीन आठवडे दर शनिवारी पास झालेल्या कामांचा आकडा देईन, एवढंच कबूल केलं. त्यावर संचालक चिडले होते. तीन आठवड्यांत ८ कामं पास झाली. उरलेल्या १० कामांना त्या वेगाने चार आठवडे, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, त्या धांदलीत नवं काही सुरू करायचं नव्हतं. म्हणून नोव्हेंबरची पहिली दोन बिलं पाच केंद्रांवर जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरवर सोबतच काढायची, १ डिसेंबरला ती पाच केंद्रं नव्यावर, आणि पुढे प्रत्येक बिलाला २३ केंद्रं, असं ठरलं. शेवटची २३ केंद्रं २१ जानेवारीला.

प्रत्येक तारखेला अट जोडलेली होती: एकाही बिलात एक रुपयापेक्षा जास्त फरक असेल आणि त्याचं कारण सापडलं नसेल, तर पुढची केंद्रं घ्यायची नाहीत. पहिल्या बिलात ६१० पैकी ३८ जुळली नाहीत. त्यातल्या ३१ ठिकाणी कारण एकच निघालं. दहा तारखेच्या संध्याकाळी वीज गेली, केंद्रचालकाने नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी केली आणि ते दूध पुढच्या बिलात पडलं. नोंदीची वेळ सोडून संकलनाची पाळी धरायची, एवढाच बदल होता. दुसऱ्या बिलात ३ राहिली, ती जुन्या बाजूला हाताने केलेल्या दुरुस्त्यांची होती. १२० केंद्रं एकदम सुरू केली असती, तर हा फरक हजारो घरांत पोचला असता.

जबाबदारीच्या रकान्यात विभागाचं नाव लिहू नका. ‘लेखा विभाग’ फोन उचलत नाही, माणूस उचलतो. आम्ही प्रत्येक अडलेल्या निर्णयापुढे एक नाव, एक तारीख आणि तिसरी गोष्ट लिहिली: त्या तारखेपर्यंत ठरलं नाही तर काय धरायचं. दर वेळी जुनाच नियम चालू राहील असं लिहिलं, आणि या तिसऱ्या रकान्यामुळेच निर्णय व्हायला लागले, कारण गप्प बसलं तरी काहीतरी ठरणारच होतं. साप्ताहिक रिपोर्टातून टक्के काढून टाकले. पास किती, उरली किती, आणि आठवड्याहून जास्त अडलेले निर्णय कुणाकडे, एवढंच ठेवलं.

व्हेंडरने आणखी चार प्रोग्रॅमर देऊ केले होते, मी नको म्हटलं. त्यांना समजावण्यात जुन्याच टीमचे दिवस गेले असते, आणि कमी पडत होता तो दराचा नियम माहीत असणारा माणूस. ते हिशेबनीस सहा आठवडे रोज टेस्टिंग टीमसोबत बसले, तेवढं पुरलं.

एक गोष्ट तुमच्या प्लॅनमध्ये आधीच बघून घ्या: करारातले पैसे. आमच्या करारात हप्ता ‘मॉड्यूलचं कोडिंग पूर्ण’ यावर होता, म्हणूनच ३१ कामं कोडिंग उरकून पास न करताच सोडलेली होती. तो बदलून अर्धी रक्कम पास झालेल्या कामांवर आणि अर्धी जुळलेल्या बिलांवर बांधली. त्याला व्हेंडरशी दोन आठवडे घासाघीस लागली. स्कोप, तारखा, जबाबदाऱ्या आणि हप्ते अशा चारही पानांवर दोन्ही बाजूंच्या प्रमुखांची सही एकाच दिवशी घेतली, आणि १ एप्रिलचा जुना प्लॅन त्याच फाइलमध्ये मागे लावून ठेवला. तुमचे वरिष्ठ स्कोपमधलं एकही काम सोडायला तयार नसतील, तर आत्ताच्या वेगाने निघणारी तारीख त्याच पानावर लिहा आणि त्याखाली त्यांची सही मागा.