क्रॉप केलेला पक्षी आणि लॅबवाल्यांचं ३०० डीपीआय

प्रश्न: २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून खंड्या क्रॉप केला, रुंदी निम्मी उरली. म्हणजे १२ मेगापिक्सेल उरले ना? १२ बाय १८ इंचाचा प्रिंट शार्प येईल का? लॅबवाला म्हणतो ३०० डीपीआय नाही, फाटेल.

बारा नाही, सहाच उरले. लांबी-रुंदीचं प्रमाण तेच ठेवलं तर रुंदी निम्मी झाली की उंचीही निम्मी होते. ६००० बाय ४००० चे ३००० बाय २००० झाले, म्हणजे चौथा हिस्सा. आता लांब बाजूचे ३००० पिक्सेल १८ इंचांवर पसरले, तर इंचाला १६७ येतात; लॅबवाला डीपीआय म्हणतो ते हेच. बस, हिशोब एवढाच. तुमच्या लॅबवाल्याने तो केलेला नाही, पाठ केलेला आकडा सांगितला.

हे ३०० मला चांगलंच ठाऊक आहे, कारण माझे साडू त्यावर अजूनही भांडतात. उमरेड रोडला तारेवर बसलेल्या नीलपंखाचा माझा एक फोटो होता. लेन्स ३०० एमएमची, पक्षी लांब, त्यामुळे क्रॉप करून २४०० बाय १६०० एवढंच हाती राहिलं. तोही १२ बाय १८ लाच काढायचा होता, इंचाला जेमतेम १३३. साडू म्हणाले, "काहून पैसे पाण्यात घालता भाऊ? तीनशे पाह्यजेच." सीताबर्डीवरच्या एका लॅबमध्ये गेलो तर तिथला पोरगाही तेच बोलला. वर म्हणाला, "मी करून देतो तीनशे," आणि फोटोशॉपच्या Image Size मध्ये Resample ची खूण तशीच ठेवून १८ इंच आणि ३०० टाकून मोकळा झाला. फाइल ५४०० बाय ३६०० झाली, पण वाढलेले पिक्सेल शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले होते. पिसाची जी रेघ लेन्सने टिपलीच नाही, ती कुठून येणार? त्यावर त्याने शार्पन मारलं आणि पंखाच्या कडेला पांढरी किनार उमटली. याचे वेगळे पैसेही घेतले! Resample ची खूण काढून ३०० लिहिलं असतं तर एकही पिक्सेल बदलला नसता, फक्त प्रिंटचा आकार ८ बाय ५.३ इंच दिसला असता.

मी मूळ फाइलवरून दुसरा प्रिंट काढला आणि तोच सोफ्याच्या वर लावला. पाच फुटांवरून बघणाऱ्या कोणालाही त्यात काही खटकलेलं नाही. साडू चष्मा लावून नाक भिंतीला टेकवतात आणि म्हणतात, "पाहा, पिसं मऊ आहेत." अहो, पण भिंतीवरचा फोटो असा कोण बघतं?

खरा प्रश्न अंतराचा आहे. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखते. त्यावरून सोपा हिशोब निघतो: ३४३८ ला इंचातल्या अंतराने भागा, तेवढे पिक्सेल इंचाला पुरतात. हातात धरून फूटभरावरून बघायचं तर २८६, म्हणजे ३०० चा आग्रह तिथे ठीक आहे. पाच फुटांवरून ५७ पुरतात. तुमचे १६७ साधारण २१ इंचांपासून पुढे पुरेसे आहेत.

पण हे झालं पिक्सेलचं. मोठ्या क्रॉपमध्ये फोटो मार खातो तो बहुतेक वेळा दुसरीकडेच. क्रॉप करून मोठं काढताना हललेला हात, डोळ्याऐवजी फांदीवर गेलेला फोकस आणि वाढलेल्या आयएसओचे दाणे हे सगळं तेवढंच मोठं होतं. हे कोणताही भागाकार सांगत नाही, म्हणून आधी चाचणी काढा. खंड्याचा डोळा आणि चोच येईल असा १००० बाय ६६७ पिक्सेलचा तुकडा कापा आणि तो ४ बाय ६ ला प्रिंट करा. सहा इंचांवर १००० पिक्सेल म्हणजे इंचाला तेच १६७, म्हणजे मोठ्या प्रिंटचाच नववा भाग तुमच्या हातात. तो भिंतीला चिकटवून जिथून बघणार तिथे उभे राहा. डोळ्यातली चमक ठिपक्यासारखी दिसली तर बिनधास्त मोठा काढा. ती पुसट रेघोटीसारखी ओढली गेली असेल तर कॅमेरा हललाय, मग १८ इंच सोडा, १२ इंचांतही ते दिसेल. चाचणीला लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर कशाची तुलना करताय तेच कळणार नाही.

आणि हो, अल्बममध्ये लावणार असाल तर माझं पाच फुटांचं म्हणणं लागू नाही, तिथे साडूंचं बरोबर आहे. चकचकीत कागदावर दोष जास्त दिसतात, मॅट किंवा कॅनव्हासवर बरेच झाकले जातात. फाइल व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तिथे ती आकसते आणि तुमचे ३००० पिक्सेल लॅबपर्यंत पोचतच नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.